तिकीट मुंबईचं, चढायचं नाशिकरोडला आणि तारखा दोन

प्रश्न: आई-बाबांना नागपूरला जायचंय, चढणार नाशिकरोडला. पुतण्यानं मोबाइलवर तिकीट काढून दिलं. त्यावर Booked From खाली मुंबई लिहिलंय आणि Start Date 14-Nov. Boarding At खाली नाशिकरोड, Departure 00:20 15-Nov. कोटा GENERAL (GN). दोघांचं CNF आहे, S5 मध्ये 23 SL आणि 24 SU. तिकीट चुकीचं निघालंय का? स्टेशनवर १४ ला जायचं की १५ ला? बाबा ६७ वर्षांचे आहेत, आई ६३.

उत्तर:

तिकीट बरोबर आहे. स्टेशनवर १४ तारखेच्या रात्री जायचं. १४ ला रात्रीचं जेवण लवकर उरका, अकराच्या सुमारास घर सोडा आणि साडेअकरा-पावणेबाराला फलाटावर असा. बारा वाजले की कॅलेंडरवर १५ तारीख लागेल आणि वीस मिनिटांनी गाडी सुटेल. बाकीचं उत्तर निवांत वाचलंत तरी चालेल, पण एवढं आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मी नाशिकरोडला आरक्षणाच्या खिडकीवर बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मध्यरात्रीनंतर येणाऱ्या गाडीची तारीख चुकली म्हणून खिडकीशी आलेली माणसं मी इतकी पाहिलीत, की रात्री बारा ते दोनमधलं तिकीट असलं की हातात देण्याआधी तोंडानं सांगायची सवयच लागली होती: "काका, चौदाच्या रात्री यायचं बरं का, पंधराच्या नाही." तरी चुका व्हायच्याच. माणूस तिकिटावर १५ वाचतो, वेळ रात्रीची आहे हे लक्षात ठेवतो आणि दोन्ही जोडून 'पंधरा तारखेची रात्र' असा हिशेब करतो. मग १५ ला रात्री पोळीभाजीचे डबे भरून सगळं घर फलाटावर हजर. समोर गाडीही येते, कारण ती रोजची असते. डब्यात चढल्यावर कळतं की आपल्या बर्थवर दुसरं कुणी झोपलंय आणि त्याच्या हातातलं तिकीटही खरं आहे. आपली गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. अशा तिकिटाचे पैसेही परत येत नाहीत.

दोन तारखा का, तर गाडी मुंबईहून १४ ला रात्री सुटते आणि इगतपुरीचा घाट चढून नाशिकरोडला येईपर्यंत दिवस बदललेला असतो. Start Date म्हणजे गाडी निघण्याचा दिवस आणि Boarding At खालची Departure म्हणजे तुमच्या स्टेशनावरून ती सुटण्याची तारीख नि वेळ. तुमच्यासाठी कामाची दुसरी. पहिली तारीख उपयोगी पडते ती एकाच ठिकाणी. गाडी किती उशिरा आहे हे मोबाइलवर पाहताना ॲप विचारतं की कुठल्या तारखेची गाडी? तिथे गाडी मूळ स्टेशनातून सुटण्याची तारीख द्यायची असते. रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी फलाटावर उभं राहून तुम्ही 'आजची', म्हणजे १५ ची गाडी पाहिलीत, तर ती अजून सुटलेलीच नाही असं दिसेल आणि उगाच पोटात गोळा येईल. १४ ची निवडा, मग गाडी घोटी ओलांडून देवळालीकडे येत असल्याचं दिसेल.

पुतण्यानं आणखी एक गोष्ट बरोबर केली आहे. त्यानं मुंबई ते नागपूर शोधताना तारीख १४ टाकली असणार, कारण मुंबईहून गाडी १४ ला सुटते. तोच नाशिकरोड ते नागपूर शोधताना १४ टाकून बसला असता, तर गाडी १३ ला मुंबईहून सुटलेली आणि १३-१४ च्या मध्यरात्री नाशिकरोडला येणारी मिळाली असती. म्हणजे एक दिवस आधीची. शोधताना टाकायची तारीख ही तुम्ही 'From' मध्ये लिहिलेल्या स्टेशनाची असते. मुंबई लिहिलं तर मुंबईची, नाशिक लिहिलं तर नाशिकची. लोक नाशिक लिहितात आणि डोक्यात मुंबईची तारीख ठेवतात, तिथे घोटाळा होतो.

आता मुंबईचं नाव तिकिटावर का, हा प्रश्न. तुमचा खरा गोंधळ इथे आहे. एकाच कागदावर दोन वेगळ्या गोष्टी छापल्या आहेत: जागा कुठून कुठपर्यंत विकत घेतली आणि माणूस प्रत्यक्ष कुठे चढणार. Booked From ही पहिली गोष्ट आणि Boarding At ही दुसरी. दोन्ही एकच असल्या तर कुणी लक्ष देत नाही. वेगळ्या असल्या की तिकीट चुकल्यासारखं वाटतं.

तुमच्या पुतण्यानं हे मुद्दाम केलं असण्याची शक्यता दाट आहे. गाडीतले सगळे बर्थ एका ढिगात नसतात. ते वाटून ठेवलेले असतात. मोठा वाटा जनरल कोट्याचा. तो मुख्यतः गाडी जिथून सुटते तिथून लांब जाणाऱ्यांसाठी. मधल्या स्टेशनांवरून चढणाऱ्यांसाठी निराळा, लहान वाटा. काही गाड्यांत अनेक मधल्या स्टेशनांचा मिळून एक सामाईक वाटा असतो. त्यातलं वेटिंग PQWL म्हणून दिसतं. काही गाड्यांत एखाद्या महत्त्वाच्या मधल्या स्टेशनाला स्वतःचा वाटा असतो, त्याचं वेटिंग RLWL. जनरलचं वेटिंग GNWL. नाशिकरोड मोठं स्टेशन असलं, तरी मुंबईहून येणाऱ्या गाडीसाठी ते मधलंच. त्यामुळे नाशिकरोड–नागपूर शोधलं की छोट्या वाट्यात जावं लागतं आणि तो सुट्टीच्या दिवसांत पटकन संपतो. त्याच गाडीत त्याच दिवशी मुंबई–नागपूरला मात्र जागा शिल्लक दिसते, कारण ती जनरलच्या ढिगातली. म्हणून नाशिकचे जाणते लोक तिकीट मुंबईपासून घेतात आणि चढण्याचं स्टेशन नाशिकरोड ठेवतात. यात बेकायदेशीर काही नाही. रेल्वेनं ती सोयच ठेवली आहे. खिडकीवरच्या आरक्षणाच्या फॉर्ममध्येसुद्धा चढण्याच्या स्टेशनाची वेगळी जागा असते. बहुतेक लोक ती कोरी सोडतात, तो भाग वेगळा.

हे मात्र सगळ्या गाड्यांना सारखं लागू नाही. कुठल्या दोन स्टेशनांच्या जोडीला कुठला वाटा हे गाडीगाडीवर ठरतं. लांब पल्ल्याच्या काही गाड्यांत मुंबई–नागपूरसुद्धा सामाईक वाट्यातच जातं, मग मुंबईपासून घेऊन फायदा शून्य. ओळखायची रीत सोपी आहे. दोन्ही जोड्या शोधा, आणि WL च्या आधीची अक्षरं पाहा. एका जोडीला GNWL आणि दुसरीला PQWL किंवा RLWL दिसलं, तर वाटे वेगळे आहेत. दोन्हीकडे तेच दिसलं, तर मुंबईपासूनचे पैसे देण्यात अर्थ नाही.

एक सूचना इथेच. तिकिटावर Quota: GENERAL (GN) लिहिलं असलं, तरी तेवढ्यावरून जागा कुठल्या ढिगातली हे नक्की कळत नाही. तुम्ही बुक करताना 'जनरल' निवडलं एवढंच ते सांगतं. नाशिकरोडपासून जनरल निवडून काढलेल्या तिकिटावरही GENERAL च छापलं जातं, आणि खाली स्थितीत PQWL येतं. लोक मग म्हणतात, 'कोटा जनरल आहे, वेटिंग वेगळंच कसं?' वेटिंग असलेल्या तिकिटात स्थितीची अक्षरं खरी. तुमचं CNF आहे, त्यामुळे तुम्हाला ही डोकेदुखी नाही.

पैशांचं बोलायचं, तर भाडं मुंबईपासूनचं लागलं आहे. मुंबई–नाशिकरोड जवळपास १९० किलोमीटर, ते अंतर आई-बाबा प्रवास न करता भरतायत. चढण्याचं स्टेशन पुढचं ठेवलं म्हणून त्याचा परतावा मिळत नाही. स्लीपरमध्ये हा फरक सोसण्यासारखा असतो. एसीच्या वरच्या वर्गात मात्र मी आधी दोनदा हिशेब करीन.

या युक्तीतला खरा धोका एकच आहे आणि तो तुमच्या तिकिटात टळला आहे. मुंबईपासून तिकीट काढून चढण्याचं स्टेशन बदलायला विसरलं, तर चार्टमध्ये तुमचं नाव मुंबईलाच चढणारा म्हणून जातं. टीसी डब्यात येतो, २३ नंबर रिकामा दिसतो, तो 'प्रवासी आला नाही' अशी नोंद करतो आणि बर्थ आरएसीतल्या माणसाला देतो. हा त्याचा हक्क आहे, यात त्याची चूक नाही. माझ्याच मेहुण्याचं असं झालं. मुंबईहूनचं कन्फर्म तिकीट खिशात घेऊन तो नाशिकरोडला दिमाखात चढला, तर त्याच्या बर्थवर कसाऱ्याच्या आधीपासून एक गृहस्थ घोरत होते आणि त्यांच्या बर्थची नोंद टीसीकडे पक्की होती. मेहुण्यानं पहाटेपर्यंत दाराजवळ बॅगेवर बसून प्रवास केला. घरी आल्यावर मला म्हणाला, "तुम्ही एवढी वर्षं तिथे असून सांगितलं नाहीत!" मी सांगितलं होतं. पण मेहुण्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

तुमच्या तिकिटावर Boarding At नाशिकरोड आहे, म्हणजे चार्टमध्येही तेच असणार. मुंबई ते नाशिकरोड बर्थ रिकामा राहील किंवा त्यावर कुणीतरी पाय पसरून बसलेला असेल. आई-बाबा चढल्यावर तिकीट दाखवून उठा म्हणायचं, तो उठतो. पण एक बंधन लक्षात ठेवा. चढण्याचं स्टेशन पुढे नेलं की आधीच्या स्टेशनांवरून चढण्याचा हक्क जातो. समजा, आई-बाबा आदल्या दिवशी ठाण्याला मामांकडे गेले आणि 'तिकीट मुंबईपासूनच आहे ना, कल्याणहून चढू' असं त्यांना वाटलं, तर ते चालणार नाही. मुंबई ते नाशिकरोड त्यांना त्या तिकिटावर प्रवास करता येत नाही. टीसीनं पकडलं, तर तेवढ्या अंतराचं भाडं दंडासकट भरावं लागतं. पैसे मुंबईपासूनचे घेतलेत तरी. हा नियम मला स्वतःला कधीच पटला नाही, पण तो आहे. चढण्याचं स्टेशन बदलायचं झालं तर ते साइटवर बदलता येतं. ते एकदाच बदलता येतं आणि गाडीच्या किती आधीपर्यंत हे मधूनमधून बदलत आलंय, म्हणून त्या दिवशी साइट काय दाखवते तेच खरं माना. शक्यतो तिकीट काढतानाच ठरवून टाकावं, पुतण्यानं तेच केलं.

आता बर्थ. तुमच्या तिकिटावर SL हे अक्षर बहुधा दोनदा आलं असेल आणि दोन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. वर्गापुढे SL असेल तर तो स्लीपर क्लास. 23 च्या पुढचा SL म्हणजे साइड लोअर. 24 SU म्हणजे साइड अपर. अक्षरं नसली, फक्त नंबर असला तरी स्लीपरमध्ये बर्थ कुठला हे काढता येतं. एका खणात आठ बर्थ असतात. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर, ८ साइड अपर. पुढचा खण ९ पासून तसाच. म्हणून नंबराला ८ नं भागा आणि बाकी पाहा. २३ मधून १६ गेले, उरले ७. सातवा म्हणजे साइड लोअर. २४ ला बाकी उरत नाही, म्हणजे आठवा, साइड अपर. जुन्या निळ्या डब्यात ७२ बर्थ असतात आणि नव्या लाल एलएचबी डब्यात ८०. दोन्हीही आठनं भागले जातात, त्यामुळे हिशेब तोच. एसी थ्री टियरलाही हाच चालतो. टू टियरमध्ये मधला बर्थ नसल्यानं खण सहाचा असतो: १ आणि ३ खालचे, २ आणि ४ वरचे, ५ आणि ६ साइडचे. पंचवटी एक्सप्रेसच्या बसायच्या डब्यात यातलं काहीच चालत नाही. तिथे हा हिशेब लावून 'आपल्याला खिडकी आहे' असं घरच्यांना सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं.

आई-बाबांसाठी या बर्थांचा अर्थ असा की दोघं एकमेकांच्या जवळ आहेत, एक खाली, एक बरोबर वर, खणाच्या पलीकडच्या बाजूला, जाण्या-येण्याच्या वाटेलगत. साइड लोअरला रात्री सतत लोकांची ये-जा असते. शिवाय हा बर्थ दोन सीटच्या पाठी पाडून तयार होतो, मध्ये फट राहते. पातळ चादर घडी करून खाली घातली की ती जाणवत नाही. साइड अपर लांबीला थोडा आखूड आणि छताला जवळ असतो. चढायला पायरी अरुंद असते. चढताना मध्यरात्र झालेली असेल, म्हणजे दोघंही लगेच आडवे होतील. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपण्याची वेळ धरली जाते. सकाळी सहानंतर साइड अपरवाल्याला खाली बसायचा हक्क असतो. इथे दोघं एकाच घरचे असल्यानं भांडण नाही. आईला गुडघ्याचा त्रास असेल आणि बाबांना चढता येत असेल, तर तिकिटावर कुणाचं नाव कुठल्या नंबरापुढे आहे याचा बाऊ करू नका. एकाच पीएनआरवरच्या दोघांनी आपसात बर्थ बदलला तर टीसी काही म्हणत नाही. तिकीट तपासताना दोघांनी आपापली नावं सांगायची, बस.

तरी ६७ आणि ६३ वर्षांच्या दोघांपैकी एकाला वर चढावं लागतंय, हे मला खटकतं. पुतण्यानं जनरल निवडला म्हणून तसं झालं. बुकिंगच्या पानावर कोट्यांच्या यादीत 'LOWER BERTH/SR.CITIZEN' असा एक पर्याय असतो. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या स्त्रिया, एकट्यानं किंवा अशाच दोघांनी मिळून प्रवास करत असतील, तर त्यांना त्यातून खालचा बर्थ मिळतो. प्रत्येक स्लीपर डब्यात असे सहा-सात बर्थ राखून ठेवलेले असतात. त्याच तिकिटात तिसरा माणूस, समजा नातू, घातला की हा कोटा लागू होत नाही. नातवाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. जनरलमध्येही संगणक वयस्कांना आपणहून खालचा बर्थ द्यायला बघतो, पण जेवढे शिल्लक असतील तेवढेच. तुमच्या बाबतीत खणांमधले खालचे संपले असणार, म्हणून साइडचा एक खालचा मिळाला.

आता काय करता येईल? प्रवासाला दिवस असतील तर त्या कोट्यात आधी नाशिकरोड–नागपूर १५ तारखेचं आणि मग मुंबई–नागपूर १४ तारखेचं पाहा. जागा दिसली आणि रद्द करण्याचे पैसे तुम्हाला जड नसतील, तर आधी नवीन तिकीट कन्फर्म करा, मगच जुनं रद्द करा. उलट क्रमानं करू नका. ते जमलं नाही, तर डब्यात चढल्यावर टीसीला शांतपणे सांगा. वयस्क माणसाला वरचा बर्थ आला असेल आणि गाडीत खालचा रिकामा राहिला असेल, तर तो देण्याची त्याला मुभा आहे. मात्र ती हमी नाही. मनमाड, भुसावळपर्यंत किती लोक आले नाहीत यावर ते अवलंबून असतं. समोरच्या खणातला एखादा तरुण बदलून देतो का, हेही विचारा. माझ्या अनुभवात अर्धी भांडणं टीसीकडे न जाता अशीच मिटतात.

डब्याबद्दल थोडंसं. S5 म्हणजे स्लीपरचा पाचवा डबा. फलाटावरच्या दिव्यांच्या पाटीवर गाडी येण्याआधी कुठला डबा कुठे लागणार ते दिसतं. नाशिकरोडला गाडी फार थांबत नाही, म्हणून सामान घेऊन आधीच त्या पाटीखाली उभं राहायचं. डब्यावर रंगवलेला पाच-सहा आकडी मोठा नंबर हा त्या डब्याचा स्वतःचा नंबर असतो. तुमच्या तिकिटाशी त्याचा संबंध नाही. दारापाशी S5 लिहिलेलं असतं ते बघायचं.

आणि तिकिटावर छापलेलं S5 हे तिकीट काढलं त्या दिवसाचं आहे. Booking Status कधीच बदलत नाही, आणि त्याच्या शेजारचा Current Status सुद्धा पीडीएफ काढली त्या क्षणाचा. बहुतेक वेळा कन्फर्म तिकिटाचा बर्थ तोच राहतो. पण दोन प्रसंगांत बदलतो. डब्यांची जोडणी ऐनवेळी बदलली तर, आणि बुक करताना 'अपग्रेड चालेल' या चौकटीत खूण राहिली असेल तर. दुसऱ्या प्रसंगात चार्टच्या वेळी वरच्या वर्गात रिकामी जागा असली की संगणक आई-बाबांना जादा पैसे न घेता एसीत टाकू शकतो. ऐकायला छान वाटतं, पण जुना कागद घेऊन S5 मध्ये गेलात तर २३ वर दुसऱ्याचं नाव सापडेल. म्हणून १४ ला चार्ट निघाल्यावर पीएनआर एकदा तपासा, रेल्वेच्या १३९ नंबरवर फोन करून किंवा साइटवर. दहा आकडी पीएनआर बाबांच्या खिशात कागदावर लिहून द्या. रात्री अकरा वाजता मोबाइलची बॅटरी संपलेली असते, हा माझा अनुभव. आणि दोघांपैकी निदान एकाचं मूळ ओळखपत्र बरोबर हवं. आधार सगळ्यात सोपं.

परतीचं तिकीट काढणार असाल तर पुतण्याला सांगा की त्यासाठी मुंबईपर्यंतचं घ्यायला लागलं, तरी नाशिकरोडला उतरायला कुणाची परवानगी लागत नाही. चढायचं स्टेशन चार्टमध्ये लागतं, आधी उतरायला काही नोंदवावं लागत नाही. फक्त ती गाडी पहाटे तीनला नाशिकरोडला येत असेल, तर तिकीट मुंबईचं असल्यानं कुणी उठवणार नाही आणि डोळा लागला तर जाग थेट कल्याणला येईल. १३९ वर उतरायच्या स्टेशनासाठी जागं करणारा फोन लावून घेता येतो. तो लावा, आणि आईच्या मोबाइलवर गजरही लावा, बाबांच्या नको.